साप्ताहिक आढावा घेऊनही पुढचा व्हिडिओ ठरत नाही: कुठे अडतं आणि क्रमाने काय तपासायचं

मी शिवणकामाचं यूट्यूब चॅनल चालवते. ब्लाऊज कटिंग, फिटिंगच्या तक्रारी, अल्टर असे विषय. दर आठवड्याला अर्धा तास आकडे बघायचे आणि पुढच्या आठवड्याचे दोन व्हिडिओ ठरवायचे हा माझा जुना रिवाज आहे. हाच आढावा माझ्याकडे कितीतरी वेळा बिघडला आणि मी तो दुरुस्त केला. गेल्या वर्षी बार्शीच्या माझ्या मावसबहिणीने चॅनल सुरू केलं, तिच्याकडे तोच बिघाड जसाच्या तसा पुन्हा दिसला. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड नंतर.

लक्षणं

अर्ध्या तासासाठी बसता आणि दीड तासाने उठता. उठताना डोक्यात पंधरा आकडे असतात, पण शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर काय कापायचं ते ठरलेलं नसतं. किंवा ठरतं, पण दर आठवड्याला उलटंसुलटं: एका रविवारी वाटतं कटोरी ब्लाऊजच चालतो, पुढच्या रविवारी वाटतं कटोरी बंद करून कुर्ती करावी. किंवा चांगला चाललेला व्हिडिओ तुम्हाला पडलेला दिसतो आणि तुम्ही त्याचं थंबनेल बदलून बसता. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तरी पुढचं वाचा. मात्र चॅनल अगदी नवं असेल, पाच-सहाच व्हिडिओ झाले असतील, तर आढावा घेण्याइतका मालच अजून नाही. दहा व्हिडिओ होऊ द्या.

पहिली तपासणी: कोणत्या दिवशी बसता?

याला पैसा लागत नाही, दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि निम्मा बिघाड इथेच सापडतो.

यूट्यूब स्टुडिओतले दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने मोजले जातात. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा, त्यांच्या हिवाळ्यात दीड. त्यामुळे आपण रविवारी सकाळी चहा घेऊन बसतो तेव्हा त्यांच्या हिशोबाने शनिवार संपलेलाही नसतो. शिवाय सविस्तर आकडे उशिरा भरत जातात. आलेखाचं उजवं टोक खाली झुकलेलं दिसतं ते बऱ्याचदा याचमुळे, प्रेक्षक पळाले म्हणून नाही.

माझी बहीण शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ टाकायची आणि रविवारी सकाळी त्याचा निकाल लावायची. दीड दिवसाच्या अर्ध्या आकड्यांवर. मी तिला एकच बदल सांगितला: बुधवारी बस, आणि ज्या व्हिडिओला पूर्ण सात दिवस झालेत त्याच्याबद्दलच बोल. परवा टाकलेला व्हिडिओ उघडायचा नाही. तिला हे जड गेलं, कारण ताज्या व्हिडिओचीच तर उत्सुकता असते. ती उत्सुकता रोज मोबाईलवर भागवा, हरकत नाही. फक्त निर्णय तिच्यावर घेऊ नका.

दुसरी तपासणी: शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ एकाच ताटात आहेत का?

स्टुडिओच्या पहिल्या पानावर दिसणारी व्ह्यूजची बेरीज सगळ्यांची मिळून असते. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा परत फिरून लागला तरी व्ह्यू धरला जातो, किती वेळ बघितला याची अट नाही. त्यामुळे एखादा शॉर्ट थोडासा फिरला की अख्खा आठवडा बहरलेला दिसतो, आणि तो शॉर्ट थांबला की पुढचा आठवडा मेलेला दिसतो. तुमचा अकरा मिनिटांचा कटिंगचा व्हिडिओ मात्र दोन्ही आठवड्यांत तसाच चाललेला असतो.

Analytics मध्ये Content या टॅबखाली व्हिडिओ आणि शॉर्ट्स वेगळे करता येतात. आढाव्यात फक्त मोठे व्हिडिओ उघडा. शॉर्ट्सचा हिशोब घ्यायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी घ्या, आणि तिथे Engaged views हा आकडा बघा. तो जुन्या पद्धतीच्या मोजणीच्या जवळ जातो.

तिसरी तपासणी: तुलना कोणाशी करता?

"या व्हिडिओला १,७२० व्ह्यूज आले, चांगले की वाईट?" या प्रश्नाला एकट्याने उत्तरच नाही. दुसऱ्याच्या चॅनलशी तुलना केली तर दरवेळी वाईट. स्वतःच्या सरासरीशी केली तरी फसगत होते. कशी ते बहिणीच्याच वहीतून दाखवते. तिच्या आधीच्या दहा व्हिडिओंचे पहिल्या सात दिवसांचे व्ह्यूज चढत्या क्रमाने असे होते:

४१०, ५२०, ५६०, ६१०, ६४०, ७००, ७३०, ८१०, ९५०, ९,४००

शेवटचा ९,४०० वाला लग्नसराईत अचानक उसळलेला पैठणीच्या ब्लाऊजचा. या दहांची सरासरी निघते १,५३३. म्हणजे दहापैकी नऊ व्हिडिओ सरासरीच्या खाली, सगळे नापास! ती बिचारी महिनाभर याच सरासरीकडे बघून निराश होत होती. आता मधले दोन घ्या, ६४० आणि ७००. त्यांच्या मधोमध ६७०. हा तिचा खरा नेहमीचा आकडा. उसळलेल्या एका व्हिडिओने तो हलत नाही.

वहीत एक पान यासाठी ठेवा. दर व्हिडिओचे सात दिवस पूर्ण झाले की एक ओळ लिहायची: नाव, तारीख, सात दिवसांचे व्ह्यूज. शेवटच्या दहा ओळींतला मधला आकडा हीच तुमची पट्टी. मी एक्सेल करून पाहिलं, पण हाताने लिहिलेला आकडा लक्षात राहतो, म्हणून वहीवर परत आले.

चौथी तपासणी: कोणते आकडे, आणि कोणत्या क्रमाने?

इथे थोडा वेळ द्यावा लागतो, कारण चुकीचा निर्णय सगळ्यात जास्त इथे होतो.

मी तीनच आकडे वाचते. इम्प्रेशन्स, म्हणजे थंबनेल किती वेळा लोकांच्या डोळ्यांसमोर आलं. सीटीआर, म्हणजे त्यातल्या किती वेळा कुणी क्लिक केलं. आणि तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक टिकून आहेत. सबस्क्रायबर, लाइक, कमाई यातलं काही आढाव्यात उघडत नाही. ते आकडे खोटे आहेत म्हणून नव्हे. त्यांच्यावरून पुढचा विषय ठरत नाही एवढंच.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी इम्प्रेशन्स, मग सीटीआर. लोक उलट करतात आणि फसतात. बहिणीने "ब्लाऊज खांद्यावरून का उतरतो" असा व्हिडिओ टाकला होता. पहिल्या दोन दिवसांत इम्प्रेशन्स होते २,१०० आणि सीटीआर ९.१ टक्के. सात दिवसांनी सीटीआर दिसला ४.८ टक्के. तिने मला फोन केला.

"ताई, निम्म्यावर आलं गं. थंबनेल बदलते."

"अगं थांब. इम्प्रेशन्स किती झाले ते आधी वाच."

इम्प्रेशन्स झाले होते ३१,०००. आता हिशोब करा. २,१०० चे ९.१ टक्के म्हणजे जेमतेम १९१ क्लिक. ३१,००० चे ४.८ टक्के म्हणजे १,४८८. सीटीआर निम्मा झाला आणि क्लिक सातपटीहून जास्त झाले. घडलं असं, की सुरुवातीला व्हिडिओ तिच्या ओळखीच्या बायकांना आणि नेमकं हेच शोधणाऱ्यांना दिसत होता. मग यूट्यूबने तो अनोळखी लोकांच्या होम पानावर न्यायला सुरुवात केली. अनोळखी माणूस कमीच क्लिक करणार. वर्तुळ मोठं झालं की सीटीआर उतरतो, आणि असं उतरणं ही चांगली खूण आहे.

खात्री करायची तर व्हिडिओच्या Reach टॅबमध्ये ट्रॅफिक सोर्स उघडा आणि स्रोतानुसार सीटीआर बघा. तिच्याकडे सर्चमधून आलेले साधारण ५,५०० इम्प्रेशन्स होते, सीटीआर ८.९. उरलेले २५,५०० होम पान आणि सुचवलेल्या व्हिडिओंमधून, सीटीआर ३.९. म्हणजे शोधणाऱ्यांना थंबनेल अजूनही तितकंच पटत होतं. ते बदललं असतं तर चालता गाडा थांबला असता. यूट्यूब स्वतः सांगतं की निम्म्या चॅनल्सचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो, पण एवढ्या रुंद पट्टीत आपला आकडा बसला यावरून काहीच कळत नाही. स्रोत वेगळे केले तरच कळतं.

एक बारकावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून आलेले लोक किंवा नोटिफिकेशनवरून आलेले लोक इम्प्रेशन्समध्ये धरले जात नाहीत. म्हणून क्लिक आणि व्ह्यूज जुळत नाहीत (तिचे एकूण व्ह्यूज १,७२० होते). त्यात बिघाड शोधत बसू नका.

आता वाचलेल्याचा अर्थ कसा लावायचा तो सांगते. इम्प्रेशन्सच कमी आणि सर्चमधूनही काही नाही, तर अडचण विषयात आहे, तो कुणी शोधत नाही किंवा नावात लोकांचा शब्द नाही. आपण "आर्महोल" लिहितो आणि बायका "मुंढा" शोधतात, असं घडतं. इम्प्रेशन्स भरपूर आणि सर्चमधलाही सीटीआर तुमच्या नेहमीपेक्षा खाली, तर थंबनेल किंवा नाव. तेव्हा आणि तेव्हाच थंबनेलला हात लावा. दोन्ही ठीक पण लोक टिकत नाहीत, तर पुढची तपासणी.

पाचवी तपासणी: लोक कुठे गेले आणि कुठे परत आले?

व्हिडिओचा रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठवर टिकले त्याचा, आलेख उघडा आणि आधी तिसाव्या सेकंदाचा टक्का वहीत लिहा. खांद्याच्या व्हिडिओत तो ५२ होता, तिचा नेहमीचा ६० च्या आसपास. कारण व्हिडिओ लावताच दिसलं. पहिली पन्नास सेकंदं ती तयार ब्लाऊज हँगरवर फिरवून दाखवत होती आणि सबस्क्राइब करायला सांगत होती. ज्या बाईचा ब्लाऊज खांद्यावरून उतरतोय तिला उतरलेला ब्लाऊज दिसायला हवा होता. तो दिसला तरच "हेच माझं दुखणं" म्हणून ती थांबते. ही पुढच्या व्हिडिओसाठीची दुरुस्ती झाली, विषय बदलायचं कारण नाही.

पण या आलेखातली खरी कमाई पडझडीत नाही, उंचवट्यात असते. जिथे रेष वर चढते तो भाग लोकांनी मागे नेऊन परत बघितलेला असतो. तिच्या अकरा मिनिटं चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत असा उंचवटा चार मिनिटं दहाला सुरू होऊन पाच मिनिटांपर्यंत होता. तिथे ती खडूने दाखवत होती, की मागचा गळा खोल असेल तर खांद्याची खूण थोडी आत घ्यायची आणि खांद्याला उतार कसा द्यायचा. पन्नास सेकंदांत उरकलं होतं तिने. तिला हे रोजचं, म्हणून पटकन सांगितलं. बघणाऱ्यांना ते तीन-तीनदा बघावं लागलं.

आता तोच भाग आणि कमेंट शेजारी ठेवा. कमेंटमध्ये चार जणींनी एकच विचारलं होतं: शिवून झालेल्या ब्लाऊजचं काय करायचं? पुढच्या आठवड्याचे दोन्ही विषय इथेच मिळाले. एक, खोल गळ्याच्या ब्लाऊजचा खांदा, सावकाश, कागदावर. दोन, शिवून झालेला ब्लाऊज खांद्यावर उसवून दुरुस्त करणं.

इथे सांभाळायचं ते हे: व्ह्यूज दोनशे-तीनशेच असतील तर आलेखातले चढउतार दहा-बारा लोकांच्या बोटांनी होतात. त्यावर विश्वास ठेवू नका, तेव्हा कमेंट आणि सर्चमधले शब्दच बघा. आणि शेवटच्या मिनिटातली घसरण सगळ्यांकडे असते. "चला तर मग" म्हटलं की लोक जातात. तिच्याकडे बघायचंही नाही.

सहावी तपासणी: निर्णय लिहिला जातो का?

वरचं सगळं बरोबर करूनही आढावा फुकट जातो, कारण निर्णय मनात राहतो. गुरुवारी शेजारणीने काही सुचवलं की मन बदलतं. वहीत ओळ अशी हवी:

"शिवून झालेला ब्लाऊज, खांदा दुरुस्ती. कारण: चार कमेंट आणि ४:१० चा उंचवटा. सात दिवसांत ६७० च्या वर गेला तर या कुटुंबातला तिसरा विषय घेणार. खाली राहिला तर पहिली तीस सेकंदं बदलून आणखी एकदा."

कारण आणि पट्टी आधीच लिहिलेली असली की पुढच्या बुधवारी वाद उरत नाही. दोन व्हिडिओंपैकी एक चाललेल्या विषयाच्या कुटुंबातला आणि एक पूर्ण नवा, अशी वाटणी मी करते. या वेळी दोन्ही एकाच कुटुंबातले घेतले कारण पुरावा बळकट होता. पण सलग तीन आठवडे तसं केलं तर नवीन काहीच कळत नाही. एखादा विषय तीनदा करूनही पट्टीखाली राहिला की मी तो सहा महिने बंद करते. एका व्हिडिओवरून मात्र कधीच बंद करत नाही.

वेळेची वाटणी माझी अशी: सात दिवस झालेल्या व्हिडिओंच्या ओळी लिहायला पाच मिनिटं, इम्प्रेशन्स आणि स्रोतानुसार सीटीआर बघायला सात, आलेख आणि उंचवट्याचा भाग प्रत्यक्ष बघायला दहा, कमेंट चाळायला तीन, निर्णय लिहायला पाच. मोबाईलवर गजर लावते. गजर झाला आणि निर्णय लिहिलेला नसेल, तर जास्त वेळ घ्यायचा नाही. हातात असलेल्यातला बरा विषय लिहायचा आणि उठायचं. दुसऱ्या तासात नवीन काही सापडल्याचं मला आठवत नाही.

दुरुस्तीच्या त्या व्हिडिओला सात दिवसांत १,१४० आले. उसळी नव्हे, पण ६७० च्या बरंच वर. म्हणून तिसरा विषय घेतला: पाठीला डोरी नसताना खोल गळा कसा बसवायचा.

सातवी, अवघड तपासणी: हंगाम

सगळं नीट असूनही चार-सहा आठवडे सगळेच व्हिडिओ पट्टीखाली जात असतील तर मागच्या वर्षीचे तेच आठवडे काढा. शिवणात लग्नसराई आणि दिवाळीआधीचे दिवस वेगळे, पितृपक्ष वेगळा. Advanced mode मध्ये तारखा बदलून मागच्या वर्षीशी तुलना करता येते. मागच्या वर्षीही तसाच खड्डा असेल तर विषय बदलू नका. पट्टी त्या काळापुरती खाली घ्या. ही तपासणी अवघड म्हणते कारण तिला वर्षभराची वही लागते. नव्या चॅनलला ती करता येत नाही, आणि तोवर कुठल्याही एका महिन्यावरून मोठा निर्णय घेऊ नये.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

काही गोष्टी आढाव्याने सुटत नाहीत. त्यात आठवडे घालवू नका.

तुम्ही न टाकलेले व्हिडिओ चॅनलवर दिसले, चॅनलचं नाव बदललं, पासवर्ड चालेनासा झाला, तर आकडे बंद करा. खातं दुसऱ्याच्या हातात गेलंय. त्याच क्षणी गूगलच्या खातं परत मिळवण्याच्या पानावर जा आणि यूट्यूबच्या अधिकृत मदतीला कळवा. मदत करतो म्हणून मेसेज करणाऱ्या अनोळखी माणसाला पासवर्ड किंवा कोड देऊ नका.

सगळ्याच व्हिडिओंचे इम्प्रेशन्स एका दिवसात जवळपास शून्यावर आले तर आधी स्टुडिओतले इशारे आणि ईमेल बघा, स्ट्राइक किंवा निर्बंध आहे का. असेल तर अपील करायच्या आधी नियम नीट वाचा, आणि इंग्रजीची अडचण असेल तर वाचून समजावणारं कुणीतरी सोबत घ्या. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल जातं, त्यामुळे अंदाजाने पुढचा व्हिडिओ टाकून बघणं महागात पडतं.

सलग आठ व्हिडिओंमध्ये सर्चमधला सीटीआर खालीच असेल आणि तुम्ही दोन-तीन प्रकारची थंबनेल्स करून पाहिली असतील, तर ते काम येणाऱ्या माणसाकडून चार थंबनेल्स पैसे देऊन करून घ्या आणि फरक बघा. चारच. वर्षाचा करार करू नका. मी एकदा सबस्क्रायबर वाढवून देणाऱ्याला पैसे दिले होते. सबस्क्रायबर वाढले, पण त्यातलं कुणी व्हिडिओ बघत नव्हतं, आणि माझे सगळे आकडे कित्येक आठवडे वाचण्यालायक राहिले नाहीत.

कमाई सुरू झाली की अ‍ॅडसेन्समध्ये अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरावा लागतो आणि इथे ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. त्यासाठी सीएकडे जा. जाताना वर्षभराच्या अ‍ॅडसेन्सच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा.